गाळा घेताना भिंतीपलीकडचंही विचारा

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणींच्या हाताला चव असते. शेजारीपाजारी म्हणतात, ‘अहो, एखादी खानावळ का काढत नाही?’ मग एक दिवस आपण खरंच गाळा बघायला निघतो. रस्ता चालता आहे ना, भाडं परवडतंय ना, पाणी आहे ना, एवढं बघतो आणि टोकन देऊन मोकळ्या होतो. माझ्या धाकट्या जाऊबाईंनीही २०१९ मध्ये तेच केलं. त्याची किंमत आमच्या घराला मोजावी लागली, म्हणून आज हे लिहायला बसले.

आपल्या नगर जिल्ह्यातल्याच, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, एका तालुक्याच्या गावातली ही गोष्ट. गाळा छान होता. बसस्टँड जवळ, समोर शाळा. मालक ओळखीतले. शंभराच्या स्टँपवर अकरा महिन्यांचा करार लिहिला, नोटरी केली, पन्नास हजार डिपॉझिट दिलं. जाऊबाईंनी ओटा बांधला, टाइल्स बसवल्या, भिंतीत एक्झॉस्ट फॅन लावला. त्यात आणखी चाळीसेक हजार गेले. दसऱ्याला नारळ फोडला.

दिवाळीनंतर वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. वरचा मजला मालकांच्या भावाचा. फोडणीचा सगळा धूर त्यांच्या खिडकीत जात होता. त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. घरात लहान बाळ होतं. जाऊबाई म्हणाल्या, ‘आम्ही पाइप लावून धूर गच्चीवर सोडतो.’ भाऊ म्हणाले, ‘गच्ची माझीपण आहे. मी परवानगी देणार नाही.’ मालक म्हणाले, ‘मी तर तुम्हाला फक्त गाळा दिलाय.’ करारात धुराबद्दल एक अक्षर नव्हतं. चार महिन्यांत शटर खाली आलं. डिपॉझिटमधून ‘टाइल्स काढायचा खर्च’ म्हणून निम्मे पैसे कापले गेले. ओटा तर तिथेच राहिला.

जाऊबाई पुढची चार वर्षं घरूनच डबे देत राहिल्या. २०२४ मध्ये त्यांनी राहुरीत पुन्हा गाळा पाहिला, तेव्हा मला म्हणाल्या, ‘वहिनी, या वेळी तुम्ही सोबत चला. मी स्वयंपाकाचं बघते, तुम्ही कागदाचं बघा.’ आम्ही दोघी वही घेऊन गेलो. त्या वहीतलं थोडंसं आज तुमच्यासमोर ठेवते.

आधी कागद कुणाच्या नावावर आहे ते बघा

पहिल्या वेळची खरी चूक धुराची नव्हती. जे मालकांच्या एकट्याच्या हातात नव्हतं, ते आम्ही त्यांच्याकडून गृहीत धरलं, ही चूक होती. म्हणून राहुरीत आधी मालमत्ता पत्रक आणि नगरपरिषदेची घरपट्टीची पावती मागितली. गावात असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा मागा. त्यावर किती नावं आहेत ते बघायचं. तीन भावांची नावं असतील तर करारावर एकाची सही पुरत नाही. निदान गच्ची, मागची भिंत आणि मागचं अंगण वापरायला बाकीच्यांची लेखी संमती हवीच. पावतीवर वापर ‘निवासी’ लिहिलाय की ‘वाणिज्य’ हेही बघा. निवासी असेल तर पुढे वाढीव पट्टी येऊ शकते, आणि ती कोण भरणार यावरून भांडण होतं.

दुसरी गोष्ट, कराराची नोंदणी. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?’ हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं ५५ वं कलम सांगतं, की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. त्यानं नोंदवला नाही आणि पुढे वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे आम्हाला २०१९ मध्ये माहीतच नव्हतं.

आणि खर्च तरी किती? राहुरीच्या गाळ्याचं भाडं महिना ९,००० ठरलं, तीन वर्षं न वाढवता. डिपॉझिट ६०,०००. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का असतं. ते मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या दरसाल दहा टक्के मानलेल्या व्याजावर काढतात. छत्तीस महिन्यांचं भाडं ३,२४,०००. डिपॉझिटचं मानलेलं व्याज वर्षाला ६,०००, म्हणजे तीन वर्षांचं १८,०००. दोन्ही मिळून ३,४२,०००, आणि त्याचा पाव टक्का म्हणजे ८५५ रुपये. वर नोंदणी फी आणि करून देणाऱ्याची मजुरी. पहिल्या वेळी आमचे याच्या कितीतरी पट पैसे बुडाले होते!

धूर नक्की कुठे जाणार?

आता स्वयंपाकघराकडे या. घरच्या ओट्यावर भिंतीतला पंखा चालतो, कारण आपण दिवसात दोनदा फोडणी देतो. खानावळीत भट्टी सलग तीन-चार तास पेटलेली असते. नुसता भिंतीतला पंखा धूर बाहेर ढकलतो, पण तो शेजाऱ्याच्या तोंडावर. म्हणून शेगडीवर पत्र्याचं हूड, त्याला पत्र्याचा डक्ट आणि ओढून घेणारा ब्लोअर लागतो. डक्टचं तोंड इमारतीतल्या सगळ्या खिडक्यांच्या वर, गच्चीच्याही वर नेऊन सोडायचं.

आम्ही फॅब्रिकेशनवाल्या दादांना गाळा *बघायलाच* सोबत नेलं, घेतल्यावर नव्हे. त्यांनी तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, डक्ट सरळ वर जाऊ शकतो का. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते आणि वळणातच तेल साचतं. आमचा डक्ट एका वळणात मागच्या भिंतीबाहेर पडून सरळ गच्चीवर जात होता. दुसरी, हूड शेगडीपेक्षा मोठं बसेल का. चारी बाजूंनी निदान अर्धा फूट बाहेर आलं पाहिजे, नाहीतर कडेचा धूर निसटतो. तिसरी गोष्ट मला नवीन होती. ते म्हणाले, ‘ताई, बाहेर हवा टाकायची तर आत तेवढी हवा यायला जागा पाहिजे. नाहीतर ब्लोअर नुसता बोंबलत बसतो.’

ते खरं आहे, आणि आपलं आपल्याला तपासता येतं. ब्लोअर चालू करून सगळी दारं-खिडक्या लावा. दार उघडताना जड लागलं, किंवा शेगडीची ज्योत वाकडी होऊन धूर हूडखालून परत यायला लागला, तर आत हवा यायला वाट नाही असं समजा. हूडच्या कडेला उदबत्ती धरा. धुराची रेघ सरळ आत ओढली गेली पाहिजे. राहुरीच्या गाळ्यात समोरच्या शटरवर जाळीची फट ठेवून आम्ही ही वाट केली.

डक्टला अधूनमधून झाकणं ठेवून घ्या, साफ करण्यासाठी. आतल्या पत्र्यावर तेलाचा चिकट थर बसतो. कढईतला जाळ वर उडाला, तर हाच थर पेट घेतो आणि आग डक्टमधून गच्चीपर्यंत जाते. हूडच्या जाळ्या जाऊबाई दर रविवारी गरम पाणी आणि सोड्यात भिजवतात. डक्ट तीन महिन्यांनी उघडून बघतात. बोट फिरवून थर नखाला लागला की साफ करायचा, असा त्यांचा नियम आहे.

आता हे सगळं करारात कसं आलं ते सांगते. ‘मागच्या भिंतीला दीड फुटाचं भोक पाडून डक्ट गच्चीच्या वर सहा फूट नेण्यास मालक आणि सहमालकांची संमती आहे. डक्ट साफ करण्यासाठी गच्चीवर जाता येईल. भोक बुजवण्याची जबाबदारी जागा सोडताना भाडेकरूची राहील.’ सोबत मागच्या भिंतीचा एक साधा नकाशा जोडला, त्यावर लाल पेनानं डक्टची रेघ ओढली आणि सगळ्यांनी सही केली. त्यात मालकांच्या वहिनींचीही सही आहे, कारण गच्चीवर त्यांचे पापड वाळतात. पापडांच्या बाजूला धूर येऊ नये म्हणून डक्टचं तोंड कुठल्या कोपऱ्यात असावं, हे त्यांनीच दाखवलं.

तेलकट पाण्याची टाकी

भांड्यांचं पाणी घरात मोरीत जातं आणि आपण विसरून जातो. खानावळीचं तेलकट पाणी मात्र विसरू देत नाही. तेल-तूप गरम असताना पातळ असतं, पाइपमध्ये थंड झालं की गोठतं आणि साबणाबरोबर त्याचा पांढरा लगदा होतो. दोन-चार महिन्यांत गटार तुंबतं. मग घाण पाणी शेजारच्या दुकानात जातं आणि बोलणी आपल्याला बसतात.

यावर उपाय म्हणजे ग्रीस ट्रॅप. नाव मोठं आहे, पण आहे ती साधी झाकणाची टाकी. भांड्यांच्या मोरीतलं पाणी एका बाजूनं आत येतं आणि मंद होतं. तेल वर तरंगतं, खरकटं खाली बसतं. बाहेर जाणारा पाइप मधल्या थरातलं पाणी घेतो, कारण त्याचं तोंड पाण्यात खाली वळवलेलं असतं. म्हणजे तेलही जात नाही आणि गाळही जात नाही. दुधावरची साय अडवून खालचं दूध काढायचं, तसंच.

टाकी केवढी हवी? आम्ही मोरीचा नळ पूर्ण सोडून पंधरा लिटरची बादली भरली. दीड मिनिट लागलं, म्हणजे मिनिटाला दहा लिटर. तेल वर यायला पाण्याला साधारण अर्धा तास थांबायला मिळावं असा हिशेब धरला. दहा गुणिले तीस, म्हणजे तीनशे लिटर. सव्वातीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फुटाहून थोडी जास्त पाण्याची खोली असली की तेवढं पाणी मावतं. तुमच्याकडे दोन नळ एकदम चालणार असतील तर दोन्हींचं पाणी धरा. खूप लहान टाकी घेतली तर पाणी जोरात निघून जातं आणि तेलही सोबत जातं. मग टाकी असून नसल्यासारखी.

जागा घेताना बघायचं ते हे, की ही टाकी मागे उघड्यावर बसेल का. शिजवायच्या जागेत किंवा धान्याच्या पोत्यांशेजारी ती नको, कारण झाकण उघडलं की वास येतो. संडासाची लाइन तिच्यात चुकूनही जोडू नका. मोरीपासून टाकीकडे आणि टाकीपासून गटाराकडे उतार मिळतो का, हे आधीच बघा. राहुरीत आम्ही मोरीत बादलीभर पाणी ओतून ते कुठून बाहेर येतं ते पाहिलं. ते शेजारच्या गाळ्याखालून जात होतं! मालकांनी आम्हाला वेगळी लाइन काढून दिली, तेव्हाच आम्ही पुढे बोललो.

साफसफाईची खूण सोपी आहे. आठवड्यातून एकदा काठी बुडवून बघायची. वरचा तेलाचा थर आणि तळाचा गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या पाव भागाएवढा झाला, की टाकी साफ करायची. जाऊबाईंकडे साधारण पंधरा दिवसांनी वेळ येते. काढलेला लगदा गटारात लोटायचा नाही. तो घट्ट करून घंटागाडीत द्यायचा. उकळतं पाणी ओतून ‘मोकळं’ करायची आपल्याला सवय असते. ते तर नकोच, कारण त्यानं तेल वितळतं, टाकीतून निसटतं आणि पुढे जाऊन गोठतं. ताटं धुण्याआधी कागदानं पुसून घेतली तर निम्मं तेल टाकीपर्यंत पोचतच नाही.

करारात तीन वाक्यं घातली. टाकी कोण बसवणार (आम्ही), साफ कोण करणार (आम्ही) आणि टाकीच्या पुढची लाइन तुंबली तर कोण बघणार (मालक). टाकी जागा सोडताना तिथेच राहील, तिचे पैसे मागणार नाही आणि ती काढायचा खर्चही कापला जाणार नाही, असंही लिहिलं. पहिल्या वेळच्या टाइल्स आमच्या लक्षात होत्या ना!

गॅसला उघडी जागा हवी

१६ ऑक्टोबर २०१५ ला मुंबईत कुर्ल्याच्या एका छोट्या हॉटेलात सिलिंडरचा गॅस गळून आग लागली आणि आठ जण गेले. त्यातले बहुतेक दुपारी जेवायला आलेले कॉलेजची मुलं होती. जेवणाऱ्यांना बसायला तिथे पोटमाळा केलेला होता, तिथून त्यांना उतरता आलं नाही. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं महापालिकेला प्रत्येक कुटुंबाला पन्नास लाख रुपये द्यायला सांगितलं, कारण नियम मोडलेले दिसत असूनही वेळीच कारवाई झाली नव्हती. पैसे दिले तरी लेकरं परत येत नाहीत. म्हणून गाळ्यात पोटमाळा दिसला आणि मालक म्हणाले, ‘वर चार टेबलं बसतील,’ तर मोहात पडू नका. त्याची परवानगी आहे का ते विचारा, आणि खालून आग आली तर वरचा माणूस कुठून उतरेल ते आपल्या डोळ्यांनी बघा.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीवर पसरतो आणि खोलगट जागेत साचून राहतो. म्हणून सिलिंडर तळघरात, जिन्याखालच्या बंद कपाटात किंवा गटाराच्या चेंबरजवळ ठेवायचे नाहीत. इथेच आमची एक चूक होता होता टळली. मागच्या बोळात तेलाच्या टाकीशेजारीच सिलिंडर ठेवायचं आम्ही ठरवलं होतं. गॅस एजन्सीचा माणूस पाहणीला आला आणि म्हणाला, ‘गॅस गळला तर आधी या चेंबरमध्ये उतरेल, आणि तिथून मोरीवाटे तुमच्या स्वयंपाकघरात येईल.’ मग टाकी बोळाच्या एका टोकाला आणि सिलिंडर दुसऱ्या टोकाला, जाळीच्या पिंजऱ्यात उभे, साखळीनं बांधून ठेवले. तिथून लोखंडी पाइप भिंतीतून आत आणला. शेगडीजवळ आणि बाहेरही बंद करायचा व्हॉल्व्ह बसवला. म्हणजे आत जाळ असला तरी बाहेरून गॅस बंद करता येतो.

घरचे १४.२ किलोचे सिलिंडर खानावळीत वापरणं बेकायदा आहे. धंद्यासाठी १९ किलोचे मिळतात आणि त्यांची जोडणी वेगळी घ्यावी लागते. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे शंभर किलोपर्यंत एलपीजी साठवायला वेगळा परवाना लागत नाही. १९ किलोचे पाच सिलिंडर म्हणजे ९५ किलो, सहावा आणला की मर्यादा ओलांडली. छोट्या खानावळीला दोन चालू आणि दोन राखीव पुरतात. एजन्सी जागेचा पुरावा मागते, आणि नोंदवलेला करार तिथेही कामाला येतो.

गळती साबणाच्या फेसानं बघायची, काडी ओढून नाही. वास आला तर व्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडा, पण दिव्याचं किंवा ब्लोअरचं बटण दाबू नका. वास बाहेर जावा म्हणून ब्लोअर लावायला हात आपोआप जातो, आणि त्या बटणाच्या ठिणगीनंच भडका उडतो. एलपीजीच्या तातडीच्या मदतीचा नंबर १९०६ आहे. जाऊबाईंनी तो पिंजऱ्यावर रंगानं लिहून ठेवलाय.

करारात सिलिंडरची जागा नकाशावर दाखवली. ‘मागच्या बोळात मालक किंवा इतर भाडेकरू गाड्या वा सामान ठेवून वाट अडवणार नाहीत,’ हे वाक्य मुद्दाम घातलं.

परवाने आणि एक महत्त्वाची अट

अन्नाचा धंदा करायचा तर अन्न सुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी किंवा परवाना लागतो. अर्ज फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर होतो. तो त्या जागेपुरता असतो, गाळा बदलला की पत्ता बदलून घ्यावा लागतो. जाऊबाईंना वाटलं, आपला धंदा केवढासा, नोंदणी पुरेल. २०२४ मध्ये वर्षाच्या १२ लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी होती, वर्षाला शंभर रुपयांत. त्यावर राज्याचा परवाना, वर्षाला २,००० रुपये. आम्ही हिशेब केला. दिवसाला ६० थाळ्या, ७० रुपयांप्रमाणे ४,२०० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,०९,२००. वर्षाचे १३,१०,४००! हातात राहतात ते पैसे वेगळे, उलाढाल म्हणजे गल्ल्यात आलेला सगळा पैसा. त्यामुळे परवानाच घ्यावा लागला. या मर्यादा सरकार बदलतं, तेव्हा अर्जाच्या दिवशी पोर्टलवर आजची मर्यादा बघून घ्या. यासोबत नगरपरिषदेत चौकशी करायची आणि कामगार खात्याला दुकानाची ऑनलाइन सूचना द्यायची. हाताखाली मोजक्याच बाया असतील तर तेवढी सूचना पुरते.

आता सगळ्यात महत्त्वाची अट. परवाना आपल्या चुकीनं नाकारला गेला तर तो आपला दोष. पण इमारतच नियमात नसेल, वापर निवासी असेल किंवा सहमालकानं हरकत घेतली म्हणून अडलं, तर? त्यासाठी लिहून घेतलं, ‘जागेच्या किंवा मालकीच्या कारणामुळे नव्वद दिवसांत आवश्यक परवाने मिळाले नाहीत, तर भाडेकरू करार सोडू शकेल आणि पूर्ण डिपॉझिट पंधरा दिवसांत परत मिळेल.’ मालक आधी कुरकुरले. मी म्हटलं, ‘काका, तुमचे कागद चांगले आहेत असं तुम्हीच सांगता. मग भीती कशाची?’ ते हसले आणि सही केली. ओटा, डक्ट, टाकी बसेपर्यंतच्या एका महिन्याचं भाडंही त्यांनी सोडलं. हे मागायचं असतं, हेच आपल्याला माहीत नसतं.

पाटी कुठे लागणार?

शेवटी पाटी. वाटतं, आपल्या गाळ्यावर आपली पाटी, त्यात काय विचारायचं? पण शटरवरची भिंत कराराप्रमाणे आपली असतेच असं नाही. वरच्या मजल्यावर कोचिंग क्लास आला आणि त्यानं आपल्या पाटीवरून मोठा फ्लेक्स सोडला, तर आपण कुणाला बोलणार? म्हणून पाटीची जागा आणि माप लिहून घ्या. आमची दहा फूट बाय अडीच फूट, शटरच्या वर. तिच्या दिव्याचं कनेक्शन आमच्याच मीटरवर. ‘या पाटीसमोर दुसरी पाटी किंवा फ्लेक्स येणार नाही,’ असंही घातलं. पाटी रस्त्यावर पुढे झुकवू नका. झुकवायची किंवा वेगळा बोर्ड उभा करायचा असेल तर आधी नगरपरिषदेला विचारा, नाहीतर अतिक्रमणाच्या मोहिमेत तीच आधी उतरते.

पाटी मराठीत, देवनागरीत हवी. मार्च २०२२ मध्ये कायद्यात बदल झाला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही हे लागू झालं. सोबत इंग्रजी लिहिता येतं, पण मराठी अक्षरं त्यापेक्षा लहान नकोत. सर्वोच्च न्यायालयानंही सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. तेव्हा रंगाऱ्याला आधीच सांगा, नाहीतर पाटी दोनदा करावी लागते. अन्न परवान्याचा नंबरही आत दर्शनी भागात लावायचा असतो.

राहुरीची खानावळ सुरू झाली, तेव्हा जाऊबाईंनी आधी मालकांच्या वहिनींना जेवायला बोलावलं. जेवून झाल्यावर त्या गच्चीवर गेल्या, पापडांना हात लावून बघितला आणि वरूनच ओरडून म्हणाल्या, ‘वास नाही लागला गं!’ जाऊबाई माझ्याकडे बघून हसल्या आणि पुन्हा शेगडीकडे वळल्या. पंगतीत अजून सात जण बसायचे होते.